‘चला, तुझं तरी झालं!’ असं बोलून गेल्यावर

पत्र : मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नऊ वर्षं काम करते. माझ्याबरोबरच लागलेली मैत्रीण मागच्या शुक्रवारी असिस्टंट मॅनेजर झाली. ती पूर्व भागातली, तेलुगू घरातली. डबा आम्ही रोज एकत्र खातो. मुलाखत दोघींनीही दिली होती. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी नुसती टाळ्यांची खूण टाकली. सोमवारी ती समोर आली आणि माझ्या तोंडून निघालं, “चला, तुझं तरी झालं!” ती हसली, पण पुढं काही बोलली नाही. तेव्हापासून मीच तिला टाळतेय. तिचं नीट अभिनंदन करायचंय. पण मनात सल असताना केलेलं अभिनंदन खोटं नाही का? आणि आता उशीर झालाय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उशीर झालेला नाही. हे छापून येईपर्यंत दहा-बारा दिवस होतील, तरीही चालेल. बढतीनंतरचा पहिला आठवडा फोन, मेसेज, पेढे यांतच जातो आणि त्या गर्दीत कोण काय म्हणालं हे फारसं लक्षात राहत नाही. गर्दी ओसरल्यावर कोणी मुद्दाम येऊन दोन वाक्यं बोललं, तर ती लक्षात राहतात.

आधी त्या वाक्याकडे बघू. “तुझं तरी झालं” यात वाईट शब्द एकही नाही, पण ‘तरी’मुळे “माझं नाही झालं” हे न बोलताही ऐकू येतं. आता तिच्या जागी उभ्या राहा. ती काय उत्तर देणार? “तुझंही होईल” म्हणाली तर ती तुमची समजूत काढतेय. “हो ना” म्हणाली तर निर्दय वाटेल. म्हणून ती हसून गप्प झाली. तिला तुमचा राग आला असेलच असं नाही. तिला फक्त उत्तर सापडलं नसेल.

यातून एक साधी कसोटी मिळते, ती पुढं सगळीकडे वापरता येईल. बोलण्याआधी स्वतःला विचारा : माझ्या या वाक्यानंतर तिला *माझ्याबद्दल* काही बोलावं लागेल का? लागणार असेल, तर वाक्य बदला. चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७९ साली रोजच्या गप्पांचा असाच विचार मांडला. समोरच्यानं काही सांगितलं की आपण दोनपैकी एक करतो : बोलणं त्याच्यावरच ठेवतो किंवा हळूच स्वतःकडे वळवतो. वळवणारा माणूस बहुतेक वेळा वाईट हेतूनं वळवत नाही. त्याला तर वाटत असतं की आपण संभाषणात भाग घेतोय.

आता तुमचा मोठा प्रश्न, खोटेपणाचा. मन संपूर्ण स्वच्छ झालं तरच अभिनंदन खरं, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला ते पटत नाही. मुलाखत दिलेल्या माणसाला सल असणारच. सल नाही असं दाखवणं खोटं ठरलं असतं, पण ते कोणी मागितलेलंच नाही. एक प्रश्न स्वतःला विचारा : ती कामात चांगली आहे का? नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर काढलीत, उत्तर तुम्हाला माहीत आहे. ते ‘हो’ असेल तर तेवढं बोला. “मला खूप खूप आनंद झाला, रात्रभर झोप लागली नाही” असलं काही म्हणायची गरज नाही. तिचं काम चांगलं आहे हे खरं, तुम्हाला वाईट वाटलं हेही खरं. त्यातलं पहिलं तिला सांगायचं आणि दुसरं दुसऱ्या कोणाला तरी.

इथं बरेच जण प्रामाणिकपणाच्या नावाखाली घसरतात. “खरं सांगू, मला वाईट वाटलं, पण तुझ्यासाठी आनंदच आहे” हे वाक्य मनमोकळं वाटतं. कसोटी लावून बघा : पुढची पाच मिनिटं ती तुम्हाला धीर देण्यात घालवेल. तिच्या आनंदाच्या दिवसात तिला हे काम देऊ नका. मैत्री जुनी असेल तर दोन-तीन महिन्यांनी, ती नव्या खुर्चीत रुळल्यावर, हे बोलता येईल. तेव्हा ते ऐकायला तिच्याकडेही सवड असेल.

टाळ्यांच्या खुणेबद्दलही थोडं. ती वाईट नव्हती, अपुरी होती. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपण दुसऱ्याच्या चांगल्या बातमीला कसा प्रतिसाद देतो याचे चार प्रकार मांडले होते. रस घेऊन विचारपूस करणं, “छान” म्हणून थांबणं, बातमीतली खोट काढणं आणि विषयच बदलणं. अभ्यास जोडीदारांवरचा होता, कचेरीतल्या सहकाऱ्यांवरचा नव्हे, पण त्यातली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. जवळच्या माणसाकडून आलेलं कोरडं “छान” नात्याला फारसं मदत करत नव्हतं, उलट जिथं तेच जास्त तिथं समाधान कमी दिसलं. रस घेऊन केलेली विचारपूस जिथं होती, तिथं नातं बरं होतं. रोज डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणीची टाळ्यांची खूण आणि पॅकिंगमधल्या ओळखीच्या माणसाची टाळ्यांची खूण दिसायला सारखीच असते. तिला मात्र ती सारखी वाटत नाही.

मग करायचं काय? जागा आणि वेळ आधी ठरवा. डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर नको. तिथं चार जणींचं लक्ष तिच्यापेक्षा तुमच्या चेहऱ्याकडे असेल, कारण मुलाखत तुम्हीही दिली होती हे सगळ्यांना माहीत आहे. मॅनेजरच्या केबिनबाहेरही नको, तिथं तेच शब्द साहेबांना ऐकवण्यासाठी बोलल्यासारखे वाटतात. चेकिंगच्या टेबलांवर शिवणयंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं सगळ्यात चांगली. ती एकटी असते, आणि घंटा झाली की बोलणं आपोआप थांबतं. तुम्हाला निघायचं निमित्त शोधावं लागत नाही.

बोलणं एका मिनिटाचं असावं. आधी सोमवारचं एका वाक्यात मिटवा : “सोमवारी मी बोलले ते नीट नव्हतं, तुझं मनापासून अभिनंदन करायचं राहिलं होतं.” एवढंच. का बोलले, कोणत्या मनःस्थितीत होते, घरी काय चाललं होतं, यातलं काही नको. माफीही एकदाच. तीनदा मागितली की तिला तीनदा “अगं, जाऊ दे” म्हणावं लागतं आणि अभिनंदन बाजूला राहतं.

त्यानंतर तिच्या कामातली एक घटना नावानिशी सांगा. “तू खूप मेहनती आहेस” हे कोणीही कोणालाही म्हणू शकतं, शेजारच्या टेबलावरून जे दिसलं ते फक्त तुम्हीच सांगू शकता. समजा, दिवाळीच्या आधी करड्या रंगाच्या टॉवेलचा एक लॉट होता. दोन बॅचची शेड जुळत नव्हती, पॅकिंग सुरू झालं होतं आणि कंटेनरची तारीख जवळ आली होती. तिनं पॅकिंग थांबवलं, माल शेडप्रमाणे वेगळा करून कार्टनवर तशा खुणा घातल्या, आणि बायरचा इन्स्पेक्टर आला तेव्हा लॉट पास झाला. मग तुमचं वाक्य असं होईल : “त्या करड्या लॉटच्या वेळी सगळे घाईत असताना तू पॅकिंग थांबवलंस ना, तेव्हाच मला वाटलं होतं की ही जागा तुला जमेल.”

या वाक्यात काय काय नाही तेही बघा. कदाचित त्या रात्री कार्टन उघडायला तुम्हीही थांबला असाल. ते खरं असलं तरी आज सांगायचं नाही. “आपण दोघींनी तो लॉट कसा काढला, आठवतंय ना?” म्हटलं की तिच्या बढतीत तुमचा वाटा मागितल्यासारखं होतं. “मीच तुला म्हटलं होतं ना, अर्ज कर” हेही त्याच जातीचं. साहेबांचं नावही घेऊ नका. “साहेबांनी बरोबर माणूस निवडला” म्हटलं की कौतुक निवडणाऱ्याकडे जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटू शकतं की तुम्ही निवडीबद्दल काहीतरी सुचवताय. तिनं काय केलं, एवढ्यावरच वाक्य संपू द्या.

शेवटी एक प्रश्न विचारा. खरा, छोटा, आनंदाच्या बाजूचा : “घरी कळल्यावर आई काय म्हणाली?” किंवा “कोणतं काम आधी हातात घेणार?” पगार किती वाढला, हे नको. “आता जमेल का गं सगळं, लहान मूल आहे ना तुला?” हे तर मुळीच नको. ते काळजीच्या सुरात विचारलं जातं, पण अभ्यासातल्या खोट काढणाऱ्या प्रतिसादाचं आपल्याकडचं रूप तेच आहे. आणि विचारलंत तर उत्तर पूर्ण ऐका. तिनं आईचं सांगितलं की लगेच तुमच्या आईचं सुरू करू नका.

एका अवघड क्षणाची मात्र आधी तयारी करून जा. मैत्रीण चांगली असेल तर ती बहुधा म्हणेल, “खरं तर तुझंच व्हायला पाहिजे होतं.” इथं तुम्ही “नाही गं, मला कुठलं जमणार!” म्हणालात, तर ती तुमचे गुण मोजायला लागेल आणि पुन्हा विषय तुमचा होईल. “हो, मलाही तसंच वाटत होतं” म्हणालात, तर संपलंच. स्वतःला कमी लेखणं आणि तक्रार करणं ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींनी बोलणं तुमच्यावरच येतं. असं म्हणून बघा : “माझं मी बघेन गं, त्याचं तू मनावर घेऊ नकोस. आज तुझं ऐकायचंय. आई काय म्हणाली ते सांग.” यात तुम्ही काही नाकारत नाही आणि तिला अपराधीही वाटू देत नाही.

ती तेलुगू घरातली आहे असं तुम्ही लिहिलंय. नऊ वर्षांत तुमच्या कानावर बरंच तेलुगू पडलं असेल. “अभिनंदनलु” एवढं एक म्हटलं तरी तिला हसू येईल. मैत्रीण कन्नड बोलणारी असती तर “अभिनंदनेगळु”. सोलापुरात असं एकमेकींच्या भाषेत बोलण्यात कोणाला नवल वाटत नाही, म्हणून ते दिखाऊही होत नाही. मात्र एकांतात, आणि एकदाच.

आता थट्टेबद्दल, कारण आपल्याकडे मत्सर बाहेर पडतो तो जास्त करून थट्टेतूनच. “आता काय बाबा, मोठ्या माणसांत गेल्या, आम्हाला ओळख द्याल ना?” “पार्टी कुठं? साध्या चहावर भागणार नाही!” “नशीब काढलंस हं!” ही वाक्यं प्रत्येक बढतीला ऐकू येतात, आणि ज्याचा त्या जागेशी संबंध नव्हता त्याच्या तोंडी ती निरुपद्रवी असतात. तुमच्या तोंडी तीच वाक्यं टोचतील, कारण तुम्ही त्याच जागेसाठी मुलाखत दिली होती. ‘नशीब’ म्हटलं की तिच्या कामाला काही श्रेय उरत नाही. ‘ओळख द्याल ना’ म्हटलं की तिनं काही न करताच तिला गर्विष्ठ ठरवलं जातं आणि “नाही गं, तसं काही नाही” असा खुलासा तिला करावा लागतो. अजून महिनाभर तरी या विषयावर तुम्ही विनोद करू नये, असं मला वाटतं. कितीही चांगला सुचला तरी.

याच्या उलट बाजूनंही तोल जातो. मनातली सल झाकायला माणूस कौतुकाचा पूर आणतो. स्टेटसवर तिचा फोटो, केक, हार, “आमची वाघीण”. बघणाऱ्याला त्यातली धडपड दिसते आणि तिलाही अवघडल्यासारखं होतं. एरवी तुम्ही जितकं बोलता, त्याहून थोडंसंच जास्त बोला. भेटवस्तूची गरज नाही. आणावंसंच वाटलं तर मोगऱ्याचा गजरा पुरे. महागडी साडी आणलीत तर ती परतफेडीच्या विचारात पडेल.

पेढ्यांचा विषय किरकोळ वाटतो, पण त्यातही गफलत होते. ती पेढे वाटत आली, तर पेढा घेऊन तिथंच तोंडात टाका. “नंतर खाते” म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेला पेढा तिला दिसतो. साखर वर्ज्य असेल तर चिमूटभर मोडून घ्या आणि विषय संपवा. तुमच्या शुगरच्या रिपोर्टची चर्चा पेढ्याच्या डब्यासमोर नको.

ग्रुपवर काही लिहायचं का? समोरासमोर बोलून झाल्यावर, त्याच दिवशी, दोन ओळी लिहा. सगळ्यांसमोर तुमचे शब्द दिसले की तुमच्या दोघींबद्दलची कुजबुज बरीचशी तिथंच थांबते. मात्र आधी ग्रुप आणि मग भेट असा क्रम ठेवलात, तर ती ओळ तिच्यासाठी नव्हे, ग्रुपसाठी होती असं वाटेल. मजकूर साधा असू द्या : “मागच्या आठवड्यात नीट लिहायचं राहिलं. लॉट अडला की सगळ्यांची नजर तुझ्याकडे वळायची, आता ते तुझ्या पदातही आलं. नव्या कामासाठी खूप शुभेच्छा.” नावापुढं ‘मॅडम’ लावायचं की नाही, हे पुढच्या परिच्छेदावर अवलंबून आहे.

कारण ती आता बहुधा तुमची वरिष्ठ होईल. नऊ वर्षांचं अगं-तुगं एका रात्रीत “अहो मॅडम” झालं, तर दोघींच्यात ते टोमण्यासारखंच ऐकू येतं. आणि मीटिंगमध्ये, कामगारांसमोर “ए, इकडं बघ” राहिलं, तर नव्या पदावर तिला ते जड जातं. एकांतात जुनं संबोधन ठेवावं, चारचौघांत कामाच्या वेळी ‘मॅडम’ म्हणावं, आणि ते न हसता, जोर न देता. तिला विचारत बसू नका की “आता तुला काय म्हणू?” त्याचं उत्तर देणंही तिला अवघडच. कारखान्याच्या ग्रुपवर कामगारही असतील तर तिथं ‘मॅडम’ लिहा आणि वरच्या मजकुरातलं ‘तुझ्या’ ‘तुमच्या’ करा.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची अडचण वेगळी असेल : निवडच पटलेली नाही, वशिला लागला असं वाटतं. मग “तुम्हीच योग्य होता” असं म्हणू नका, ते खरंच खोटं होईल. निवडीवर न बोलता पुढच्या कामावर बोला. “नवीन जबाबदारीसाठी शुभेच्छा, स्टॉकचे रिपोर्ट माझ्याकडून वेळेवर येतील” यात एकही खोटा शब्द नाही. जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी, जिथं बढती ज्येष्ठता यादीनं येते, तिथं “लागला एकदाचा नंबर” म्हणायची पद्धत आहे. त्यातून वीस वर्षांची नोकरी रेशनच्या रांगेसारखी वाटते. शिवाय तिथं बढतीबरोबर अनेकदा गाव बदलतं. “आता बसा करमाळ्याला जा-ये करत” हे अभिनंदनाच्या दिवशी कोणालाच ऐकायचं नसतं. गाव कोणतं मिळालं ते विचारा, आणि तिथं ओळखीचं घर किंवा खोली माहीत असेल तर तो फोन नंबर द्या. त्या दिवशी त्याचा उपयोग हारापेक्षा जास्त होतो.

राहिली तुमची सल. तिला जागा लागेलच, नाहीतर ती पुन्हा कुठल्या तरी ‘तरी’मधून डोकावेल. कारखान्याच्या बाहेरचं एक माणूस निवडा, बहीण किंवा नवरा, आणि तिथं मनसोक्त बोला. कॅन्टीनमध्ये नको, तिथलं वाक्य संध्याकाळपर्यंत तिच्यापर्यंत पोचतं, आणि पोचताना दुप्पट होतं. दुसरं, दोन आठवडे जाऊ द्या आणि मग मॅनेजरकडे दहा मिनिटं मागा. तिचं नाव न घेता विचारा : माझ्या मुलाखतीत काय कमी पडलं, पुढच्या जागेसाठी मला कोणतं काम शिकावं लागेल आणि ते काम मला केव्हापासून मिळू शकेल? “ती का आणि मी का नाही” असं विचारलंत तर मॅनेजर निवडीचं समर्थन करायला लागतील आणि तुम्हाला उपयोगाचं काही हाती लागणार नाही.

आणि समजा, सकाळी तुम्ही हे सगळं नीट बोललात, पण ती “थँक्यू” म्हणून कामाला लागली. होऊ शकतं. नवी जबाबदारी आहे, किंवा सोमवारचं अजून मनात असेल. तेव्हा “रागावलीस का?” विचारू नका, संध्याकाळी पुन्हा समजावणारा मेसेजही पाठवू नका. दुपारी डबा घेऊन रोजच्या जागी बसा. पेढ्यांचा, बढतीचा विषय काढू नका. शेंगाचटणीची डबी नेहमीसारखी तिच्याकडे सरकवा आणि त्या दिवशी आलेल्या लॉटबद्दल बोला.